ड्यू डेटलाच पैसे भरले, तरी लेट फी लागली: कुठे बघायचं, काय मागायचं

ड्यू डेटच्या रात्री क्रेडिट कार्डाच्या बिलाचे पैसे भरायचे, मोबाइलवर हिरवी खूण दिसली की निश्चिंत झोपायचं, आणि पुढच्या बिलात लेट फी बघून कस्टमर केअरशी तासभर भांडायचं. या भांडणात बहुतेक जण एकच वाक्य परत परत म्हणतात: ‘मी तर त्याच दिवशी पैसे भरले होते.’ समोरचा म्हणतो, ‘सर, पेमेंट आमच्याकडे पंधरा तारखेला आलंय.’ दोघंही खरं बोलत असतात. म्हणून या वाक्यावर भांडण सुटत नाही.

ते सुटतं तारखांच्या हिशेबावर आणि एका नियमावर. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. फोन करायचा टप्पा मुद्दामच चौथा ठेवला आहे.

टप्पा १: बिलातली रक्कम नेमकी कशाची आहे ते बघा

पुढच्या बिलात जे जास्तीचं लागलं त्या सगळ्याला आपण सरसकट ‘लेट फी’ म्हणतो. बिलात मात्र त्याच्या वेगवेगळ्या ओळी असतात. लेट फी किंवा लेट पेमेंट चार्जेस ही एक ओळ. फायनान्स चार्जेस किंवा इंटरेस्ट ही दुसरी. आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, तो कधी एकत्र तर कधी वेगळा दाखवलेला असतो.

हे वेगळं करणं गरजेचं आहे, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. मिनिमम अमाउंट ड्यू वेळेत पोचली नाही तर लेट फी लागते. टोटल अमाउंट ड्यू वेळेत पोचली नाही तर व्याज लागतं. कुणी बिलातल्या रकमेपेक्षा शंभर रुपये कमी भरले असतील तर त्याला लेट फी लागत नाही, पण व्याज लागू शकतं, आणि तो मात्र लेट फी समजून भांडत बसतो.

कागदावर तीन आकडे लिहून ठेवा: लेट फी किती, व्याज किती, जीएसटी किती. पुढे तक्रार लिहिताना हे तिन्ही वेगवेगळे मागायचे आहेत.

टप्पा २: तीन तारखा शोधा

एका पेमेंटच्या तीन तारखा असू शकतात, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

पहिली, तुमच्या खात्यातून पैसे गेले ती तारीख आणि वेळ. ही सेव्हिंग्ज खात्याच्या स्टेटमेंटमध्ये मिळते. दुसरी, कार्डाच्या खात्यावर पैसे जमा झाल्याची नोंद पडली ती तारीख, म्हणजे पोस्टिंग डेट. ही कार्डाच्या बिलात दिसते. तिसरी, व्हॅल्यू डेट. नोंद कधीही पडो, पैसे कोणत्या दिवसापासून जमा धरायचे ती ही तारीख. ती बिलात बहुधा छापलेली नसते, कस्टमर केअरला विचारावी लागते. बँकेने नोंद उशिरा केली पण व्हॅल्यू डेट ड्यू डेटचीच धरली, तर तुमचं काहीच नुकसान होत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत अंतर का पडतं, ते पैसे कोणत्या वाटेने गेले त्यावर ठरतं.

कार्ड आणि सेव्हिंग्ज खातं एकाच बँकेत असेल आणि त्याच बँकेच्या ॲपवरून पैसे भरले असतील, तर नोंद लगेच पडते. तरी इथेही कट-ऑफ असतो. दिवसाचा हिशेब बंद करायची बँकेच्या यंत्रणेची एक वेळ असते, आणि त्यानंतर आलेलं पेमेंट दुसऱ्या दिवसाच्या तारखेत जातं. ही वेळ प्रत्येक बँकेची वेगळी. कार्डासोबत मिळालेल्या ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’मध्ये पेमेंटच्या पद्धतींचा भाग असतो, तिथे शोधा.

दुसऱ्या बँकेतून एनईएफटी केलं असेल तर १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालू आहे. दर अर्ध्या तासाला एक बॅच निघते आणि बॅच मिटल्यापासून दोन तासांत पैसे जमा व्हायला हवेत. आता रात्री पावणेबाराला एनईएफटी केलं तर काय होईल बघा. बॅच मध्यरात्री निघणार, पुढे दोन तासांची मुभा, म्हणजे सगळं नियमात होऊनही तारीख बदललेली.

बिल भरायच्या ॲपवरून, म्हणजे पूर्वीच्या भारत बिलपे आणि आताच्या भारत कनेक्टच्या वाटेने पैसे गेले असतील, तर मध्ये आणखी दोन-तीन टप्पे येतात. हिरवी खूण दिसते तेव्हा तुमच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि बिल भरल्याचा निरोप पुढे पोचलेला असतो. कार्डाच्या खात्यावर नोंद पडायला त्यानंतर काही बँका एक दिवस घेतात, काही त्याहून जास्त. लांब सुट्टी आली की हे अंतर हमखास वाढतं.

चेकचं थोडक्यात सांगतो. चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकला तो दिवस धरत नाहीत, चेक वटला तो दिवस धरतात. ड्यू डेटला चेक टाकू नका.

*थांबा आणि तपासा:* खात्यातून गेलेले पैसे दोन-तीन दिवसांनी परत तर आले नाहीत ना? ‘पेंडिंग’ राहिलेलं पेमेंट फेल होऊन पैसे गुपचूप परत येतात, आणि आपण मात्र भरल्याच्याच समजुतीत असतो. तसं झालं असेल तर पेमेंट झालेलंच नाही. ही तक्रार करायची वेळ नाही, लगेच पैसे भरायची वेळ आहे.

टप्पा ३: तीन दिवसांचा नियम लावून बघा

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांसाठी निर्देश काढले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात असं आहे की कार्डाचं खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकीत राहिलं तरच लेट फी लावता येते, आणि तरच ते खातं थकीत असल्याचं क्रेडिट ब्युरोला कळवता येतं. फी लावायचीच झाली तर ती ड्यू डेटनंतर उरलेल्या रकमेवर लावायची, बिलाच्या पूर्ण रकमेवर नाही.

इथेच बरेच जण चुकतात. ‘मी रात्री अकराला भरले, तुमचा कट-ऑफ आठचा, हे कुठे लिहिलंय?’ असा वाद ते घालतात. त्या वादात पडायची गरजच नाही. बँक म्हणते तीच पोस्टिंगची तारीख मान्य करा आणि ड्यू डेटपासून दिवस मोजा. ड्यू डेट १२ असेल तर १३, १४ आणि १५ हे तीन दिवस. १५ तारखेचा हिशेब बंद होण्यापूर्वी नोंद पडली असेल तर बँकेच्याच तारखेनुसार लेट फी बसत नाही.

सावध राहा, दोन गोष्टींत. हे तीन दिवस कॅलेंडरचे आहेत. नियमात ‘कामकाजाचे दिवस’ असं म्हटलेलं नाही, त्यामुळे मधले शनिवार-रविवार वगळून मोजू नका. आणि चौथ्या दिवशी नोंद पडली तर फी फक्त चौथ्या दिवसाची नसते, उशीर मूळ ड्यू डेटपासूनच मोजला जातो.

सुट्टीबद्दलचा एक गैरसमजही इथेच सांगतो. ‘ड्यू डेटला बँक बंद होती, म्हणजे मुदत आपोआप पुढच्या कामाच्या दिवशी जाते’ हे घराघरांत ऐकू येतं. कार्डाच्या बिलाला असं गृहीत धरू नका. बँकेच्या सुट्ट्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टखाली जाहीर होतात. त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये तर उलटी चाल आहे: हुंडी किंवा वचनचिठ्ठी सुट्टीच्या दिवशी देय होत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय धरायची. ते कलम क्रेडिट कार्डाच्या बिलाचं नाही, पण सुट्टी म्हणजे सवलत ही समजूत किती कच्ची आहे ते त्यावरून कळतं. शिवाय सुट्ट्या राज्याराज्यांत वेगळ्या असतात. महाराष्ट्र दिनाला मुंबईतली शाखा बंद असली तरी तुमच्या कार्डाचं कामकाज दुसऱ्या राज्यातून चालत असेल.

परदेशातून भारतातलं कार्ड भरणाऱ्यांनी घड्याळही बघावं. दुबईत रात्रीचे साडेदहा वाजले की भारतात मध्यरात्र होते. न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारी अडीचलाच भारतातली ड्यू डेट संपलेली असते. ऑफिसातून घरी जाऊन भरू म्हणाल तर तारीख उलटलेली असेल.

एक प्रकरण, आकड्यांसकट

आमच्या सोसायटीतल्या एका शिक्षकांचं हे प्रकरण. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे सुटसुटीत केले आहेत. बिल निघालं २३ मार्च २०२५ ला, रक्कम १८,६४० रुपये. त्यात दोनच खरेद्या होत्या: १ मार्चची १२,००० रुपयांची आणि १६ मार्चची ६,६४० रुपयांची. ड्यू डेट होती शनिवार, १२ एप्रिल. तो दुसरा शनिवार. १३ ला रविवार, १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. सरांनी १२ तारखेला रात्री १०.४७ ला एका ॲपवरून पूर्ण रक्कम भरली. कार्डावर नोंद पडली मंगळवारी, १५ एप्रिलला.

पुढच्या बिलात आलं: लेट फी ५०० रुपये, तिच्यावर जीएसटी ९० रुपये. सर या ५९० रुपयांवर चिडले होते. बिलाचं दुसरं पान त्यांनी उलटलंच नव्हतं. तिथे व्याज होतं ८५०.५९ रुपये आणि त्यावर जीएसटी १५३.११ रुपये.

तीन दिवसांच्या उशिराला साडेआठशे रुपये व्याज कसं होतं? पूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत आली नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज ड्यू डेटपासून न धरता खरेदीच्या तारखेपासून धरलं जातं. या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १२,००० रुपयांवर १ मार्च ते १५ एप्रिल असे ४५ दिवस, ६२१.३७ रुपये. ६,६४० रुपयांवर १६ मार्चपासून ३० दिवस, २२९.२२ रुपये.

आता नियम लावा. नोंद १५ तारखेची, म्हणजे तिसऱ्या दिवसाची. लेट फी लावताच येत नव्हती, ५९० रुपये परत यायलाच हवेत. व्याजाचं मात्र तसं नाही. तीन दिवसांची मुभा लेट फी आणि क्रेडिट ब्युरोपुरतीच आहे. व्याज परत मिळवायचं तर मुद्दा व्हॅल्यू डेटचा करावा लागतो: पैसे १२ तारखेलाच गेले, पावती यशस्वी असल्याची आहे, मधला उशीर यंत्रणेचा आहे, म्हणून व्हॅल्यू डेट १२ एप्रिल धरा. सरांनी फक्त फीबद्दल भांडण केलं असतं तर ५९० रुपये मिळवून हजारभर रुपये सोडून दिले असते.

टप्पा ४: पुरावे गोळा करा, मगच फोन करा

तीन कागद पुरेसे आहेत. पहिला, सेव्हिंग्ज खात्याच्या स्टेटमेंटमधली पैसे गेल्याची ओळ. दुसरा, पेमेंटची पावती, जिच्यावर व्यवहाराचा क्रमांक आहे. एनईएफटी असेल तर यूटीआर नंबर, यूपीआय किंवा आयएमपीएस असेल तर बारा अंकी आरआरएन, बिल भरायच्या ॲपवरून असेल तर `B-Connect Txn ID`. तिसरा, कार्डाची दोन्ही बिलं, ज्याचे पैसे भरले ते आणि ज्यात फी लागली ते.

पावतीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे जुळतात का ते इथेच बघा. कार्ड बदलून मिळालं, नंबर नवा झाला आणि ॲपमध्ये जुनाच नंबर साठवलेला, हे वरचेवर घडतं. तसं असेल तर तक्रारीचा मुद्दाच बदलतो. आधी पैसे नव्या खात्यावर वळवून घ्यायला सांगा.

*इशारा:* वाद चालू आहे म्हणून चालू बिलातले फीचे आणि व्याजाचे पैसे अडवून ठेवू नका. टोटल अमाउंट ड्यू अपुरी राहिली की बिनव्याजी मुदत पुन्हा जाते आणि नव्या खरेद्यांवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. पूर्ण भरा आणि तक्रारीत ‘आक्षेप नोंदवून भरले आहेत’ असं लिहा. पैसे परत आले की ते कार्डावर जमा होतात.

टप्पा ५: बँकेकडे लेखी मागणी

फोनवर बरेचदा पहिल्या पाच मिनिटांतच उत्तर मिळतं: ‘सर, तुम्ही जुने ग्राहक आहात म्हणून या वेळी गुडविल म्हणून फी माफ करतो.’ ऐकायला बरं वाटतं. पण अशा माफीत बहुधा फक्त फी असते, व्याज तसंच राहतं, आणि चूक तुमचीच होती असं नोंदीत लिहिलं जातं. माफी घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न असेल तर मीही घेऊन मोकळा होईन. व्याजही लागलं असेल तर मात्र तक्रार ईमेलने किंवा ॲपमधल्या तक्रारीच्या भागातून लेखीच करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

मजकूर लांबवू नका. सरांनी पाठवलेला साधारण असा होता:

‘माझ्या कार्डाच्या (शेवटचे चार अंक …) २३ मार्च २०२५ च्या बिलाची ड्यू डेट १२ एप्रिल होती. मी १२ एप्रिलला रात्री १०.४७ वाजता पूर्ण रक्कम १८,६४० रुपये भरली, व्यवहार क्रमांक … . आपल्याकडे नोंद १५ एप्रिलची आहे. खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकीत नसल्याने रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार लेट फी लावता येत नाही. माझ्या मागण्या: (१) लेट फी ५०० रुपये आणि जीएसटी ९० रुपये परत करावेत. (२) पेमेंटची व्हॅल्यू डेट १२ एप्रिल धरून व्याज आणि त्यावरचा जीएसटी परत करावा. ते शक्य नसेल तर व्हॅल्यू डेट कोणती धरली आणि कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावं. (३) हे खातं थकीत असल्याचं कोणत्याही क्रेडिट ब्युरोला कळवलेलं नाही, याची लेखी खात्री द्यावी.’

दुसऱ्या मागणीतलं शेवटचं वाक्य गाळू नका. बिलावर आक्षेप घेतला की बँकेने तक्रारीपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा द्यायचा, आणि जिथे लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावाही द्यायचा, असं त्याच निर्देशांत आहे. नुसतं ‘आमच्या धोरणानुसार’ असं उत्तर आलं तर हेच वाक्य त्यांना पुन्हा पाठवा.

ॲपवरून भरले असतील तर त्याच दिवशी त्या ॲपमध्येही तक्रार टाका. पैसे पुढे कोणत्या दिवशी पोचवले याचं त्यांचं उत्तर व्हॅल्यू डेटच्या मुद्द्याला फार उपयोगी पडतं. सरांना ते तिकडूनच मिळालं: निरोप १२ तारखेलाच पोचला होता. आधी फी परत आली, आणि ते उत्तर जोडल्यावर दुसऱ्या फेरीत व्याज.

टप्पा ६: ३० दिवसांनंतर लोकपाल

बँकेने तक्रार फेटाळली, अर्धवट उत्तर दिलं किंवा ३० दिवसांत काहीच कळवलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार `cms.rbi.org.in` वर करायची, त्याला पैसे पडत नाहीत. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेत नाही. टप्पा ५ टाळून थेट इथे येणाऱ्यांच्या तक्रारी याच कारणावरून परत जातात. बँकेचं उत्तर आलं की महिनोन्‌महिने थांबू नका, लगेच पुढे जा.

क्रेडिट रिपोर्टही काढून बघा. उशिराची चुकीची नोंद दिसली तर ब्युरोकडे आणि बँकेकडे दुरुस्ती मागा. ही दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

पुढच्या महिन्यासाठी दोन बदल

ड्यू डेट विसरा आणि स्वतःची तारीख ठरवा: ड्यू डेटच्या चार दिवस आधी. मध्ये लांब सुट्टी असेल तर सुट्टी सुरू होण्यापूर्वीचा कामाचा दिवस. ऑटो-पे लावलं असेल तर दोन गोष्टी तपासा. ते टोटलवर लावलंय की मिनिममवर? आणि ते कोणत्या बिलापासून चालू होणार? बिल निघाल्यावर लावलेलं ऑटो-पे बऱ्याचदा त्या बिलाला लागू होत नाही, आणि तो महिना आपण ‘लावलंय ना’ म्हणत घालवतो.

पगार एक तारखेला आणि ड्यू डेट अठ्ठावीसला, म्हणून दर महिन्याला शेवटच्या रात्री भरायची वेळ येत असेल, तर बिलाची तारीखच बदलून घ्या. बिलिंग सायकल निदान एकदा तरी बदलून द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्यांना सांगितलेलं आहे. सरांनी ती बदलून घेतली. आता त्यांची ड्यू डेट महिन्याच्या आठ तारखेला येते आणि ते चारलाच पैसे भरून मोकळे होतात.